मंद कँडल आणि वेगवान कँडल: मये येथील एका घरगुती फिल्टरचे प्रकरण

डिचोली तालुक्यातील मये गावात एका पाच माणसांच्या घरी स्टीलचा, दोन कँडलांचा पाण्याचा फिल्टर वापरात आहे. घरातील पिण्याचे पाणी अंगणातल्या चिरेबंदी विहिरीचे. चवथीला आठवडाभर उरला असताना फिल्टरचे पाणी इतके कमी झाले की सकाळी वरचे भांडे भरून ठेवले तरी संध्याकाळपर्यंत खालच्या भांड्यात जेमतेम चार तांबे जमत असत. पाहुणे येण्याआधी काही करता येईल का, असे तिथल्या वहिनींनी मला विचारले, कारण पाण्याच्या तपासणीचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. घरातल्या काकींचे मत होते की कँडल नीट घासली की पाणी सुटेल, आणि त्या स्वतः दर महिन्याला तारेच्या चोथ्याने व राखेने ती घाशीत आल्या होत्या. घासल्याने पाणी सुटते हे खरेच आहे. मात्र सुटलेले पाणी गाळलेले आहे की नाही, हा प्रश्न वेगळा असून हे प्रकरण लिहून काढावेसे वाटले ते त्यासाठीच.

घासण्याआधी काय पाहिले

पाणी मंदावले की दोष कँडलचाच असतो असे धरून चालू नये. वरचे भांडे खालच्या भांड्यावर अगदी घट्ट बसले असेल, तर खालची हवा बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि चांगल्या कँडलांचे पाणीही थेंबाथेंबाने येते. हे तपासणे सोपे आहे: वरचे भांडे किंचित उचलून त्याखाली एक काडी सरकवावी व प्रवाह वाढतो का ते पाहावे. दुसरे कारण म्हणजे कँडलच्या पोकळीत किंवा तिच्या दांड्यात अडकलेली हवा. कोरडी कँडल न भिजवता बसवली की हे हमखास होते. तिसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची आहे. कँडलमधून पाणी ढकलणारा जोर हा वरच्या भांड्यातल्या पाण्याच्या वजनाचाच असल्यामुळे भांडे अर्धे झाले की प्रवाहही बराच कमी होतो, आणि कँडलची टोके उघडी पडली की तेवढा पृष्ठभाग कामातूनच जातो. म्हणून आजचा प्रवाह कालच्यापेक्षा कमी आहे असे म्हणताना दोन्ही वेळा भांडे सारखेच भरलेले होते का, हे आधी विचारावे लागते.

या घरी काडी सरकवून फरक पडला नाही. तेव्हा वरचे भांडे उचलून दोन स्टुलांच्या मध्ये टेकवले, प्रत्येक कँडलच्या दांड्याखाली एकेक पेला ठेवला, आणि भांडे काठोकाठ भरून, अधूनमधून पाण्याची भर घालून पातळी तशीच राखत अर्धा तास पाणी जमू दिले. दोन्ही कँडलांचे पाणी एकत्र न मोजता वेगळे मोजणे ही या कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे, आणि बहुतेक घरांत नेमकी तीच केली जात नाही. डाव्या कँडलखाली 40 मिलिलिटर पाणी आले, उजव्या कँडलखाली 130. या आकाराची साधी नवी कँडल पूर्ण भरलेल्या भांड्यात अर्ध्या तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी देते, म्हणजे दोन्ही कँडला बऱ्याच बुजल्या होत्या. पेले उजेडात धरले असता डाव्या कँडलचे पाणी नितळ दिसले. उजव्या पेल्यातले पाणीही प्रथमदर्शनी स्वच्छ होते, पण ते थोडा वेळ स्थिर ठेवल्यावर तळाशी अगदी बारीक तांबूस कण दिसले. त्या वेळी ते जुन्या भांड्यातले असावेत असे वाटण्याला जागा होती. ही नोंद मात्र मी करून ठेवली.

कँडल कशाने बुजली होती

दोन्ही कँडलांवर तपकिरी-नारिंगी बुळबुळीत थर होता. थोडा थर पांढऱ्या बशीत घेऊन बोटांत चोळला तेव्हा त्यात मातीची कचकच थोडी आणि गुळगुळीतपणा जास्त जाणवला. त्यावर लिंबूसत्वाचे पाणी टाकल्यावर नारिंगी रंग हळूहळू विरघळून पाणी पिवळसर झाले आणि तळाशी करड्या मातीचा थोडासा गाळ उरला. याचा अर्थ थरातला मोठा भाग लोहाचा होता. गोव्यात जांभ्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह असणे नवे नाही. अशा पाण्याचा चहा काळसर होतो आणि न्हाणीघराच्या फरशीवर तांबडे डाग पडतात, आणि या घरी दोन्ही गोष्टी होत होत्या.

पण लोह तर वर्षभर असते, मग कँडल श्रावणातच का बुजली? वहिनींकडून कळले की पावसाचे पाणी विहिरीत उतरू लागल्यापासून त्यांनी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायला सुरुवात केली होती. विहिरीतून नुकतेच काढलेले पाणी स्वच्छ दिसते, कारण त्यातले लोह विरघळलेल्या अवस्थेत असते आणि तसे असताना ते कँडलच्या छिद्रांतून बरेचसे पार होते. क्लोरीनचा किंवा हवेचा संपर्क आला की तेच लोह न विरघळणाऱ्या गंजासारख्या कणांत बदलते. पावडर टाकणे योग्यच होते आणि ते थांबवू नये असेच मी सांगितले. फक्त त्यानंतर तयार होणारे कण पाण्यात खाली बसण्याआधीच ते पाणी फिल्टरमध्ये ओतले जात होते, त्यामुळे सगळा भार कँडलवर आला. त्यात पावसाळ्याचा गढूळपणा मिसळला.

हे समजून घेणे घासण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. मातीचा थर कँडलच्या पृष्ठभागावर बसतो आणि हलक्या हाताने निघतो. लोहाचा काही अंश मात्र छिद्रांत थोडा आतपर्यंत बसतो, आणि तो घासून काढायचा म्हणजे कँडलची भिंतच खरवडून काढायची. कँडलचा पिवळेपणा जाईपर्यंत घाशीत राहणे हे तिची जाडी विनाकारण कमी करण्याचे सर्वांत प्रचलित कारण आहे.

घासणी

सुरुवातीला हात साबणाने धुऊन, साबणाचा अंशही राहणार नाही असे खळखळून घेतले. कँडलला मात्र साबण, भांडी घासायची पावडर किंवा द्रव काहीही लावायचे नाही. सच्छिद्र मातीत ते शोषले जाते आणि कितीही धुतले तरी पुढे कित्येक भांडी पाण्याला वास व फेस येत राहतो. दोन्ही कँडला सोडवून घेताना खालचा नट हाताने फिरवला. तो घट्ट बसला असला तरी पक्कड लावून जोर करायचा नाही, कारण तो सगळा पीळ कँडल आणि तिच्या बुडाची प्लॅस्टिकची टोपी यांच्या चिकटवलेल्या सांध्यावर जातो. वॉशरभोवती गरम पाण्यात भिजवलेले फडके थोडा वेळ धरल्यावर नट सुटला.

नंतर कँडला स्वच्छ पाण्याच्या प्लॅस्टिकच्या घमेल्यात अर्धा तास भिजत ठेवल्या. दांडे पाण्याबाहेर राहतील एवढेच पाणी घेतले, कारण दांड्याचे भोक हे गाळलेल्या पाण्याची बाजू आहे आणि धुण्याचे गढूळ पाणी एकदा आत गेले की ते बाहेर काढायला दुसरा मार्ग नाही. याच कारणासाठी घासताना दांड्याच्या तोंडावर स्वच्छ रबरी बूच बसवले. घमेल्याच्या तळाशी जाड टॉवेल अंथरला होता. ओली कँडल निसरडी असते आणि मोरीच्या कडप्प्यावर हातभर उंचीवरून आपटली तरी तिला केसाएवढी भेग जाऊ शकते, जी डोळ्यांना दिसेलच असे नाही.

घासायला नायलॉनच्या मऊ केसांचा नवा ब्रश घेतला, जो इतर कोणत्याही कामाला वापरलेला नव्हता. कँडल दांड्याने न धरता तळहातावर आडवी घेतली, दांड्याची बाजू किंचित वर ठेवली, आणि नळाच्या बारीक धारेखाली बुडाच्या टोपीपासून घुमटाकार टोकाकडे असे एकाच दिशेने ब्रशचे फटके देत ती हळूहळू फिरवत नेली. दिशा अशी ठेवण्याचे कारण म्हणजे निघालेला गाळ दांड्यापासून दूर वाहतो. एका जागी गोल गोल घासल्याने तिथे खळगा पडतो आणि पाणी पुढे त्याच पातळ जागेतून अधिक वाहू लागते, म्हणून सर्वत्र सारखेच फटके द्यावेत. ब्रशने न निघालेल्या दोन गडद पट्ट्यांवर हिरव्या स्क्रबरचा नवा तुकडा, दाब न देता, नुसता फिरवला. काकींनी विचारले की नारळाच्या सोडणाचा काथ्या चालेल का. तेल-राखेचा स्पर्श न झालेला, नवा व मऊ कुटलेला असेल तर चालतो. भांड्यांसाठी वापरलेला अजिबात चालत नाही. तारेचा चोथा मात्र कधीच वापरू नये, कारण तो ओरखडे पाडतो आणि त्याचे लोखंडी तुकडे छिद्रांत अडकून तिथेच गंजतात. पॉलिश पेपर आणि सुरी यांचाही उपयोग याच कारणास्तव टाळावा.

थांबायचे केव्हा, हे ओघळणाऱ्या पाण्यावरून ठरवावे. कँडलवरून पडणारे पाणी सुरुवातीला विटकरी आणि मग दुधाळ होते. दुधाळ रंग म्हणजे गाळ संपून कँडलची स्वतःची माती निघू लागल्याची खूण आहे, आणि तिथेच हात थांबायला हवा. दोन्ही कँडला या टप्प्याला आल्या तेव्हा फिकट पिवळ्या दिसत होत्या, आणि त्यांना तसेच राहू दिले.

उजवी कँडल

धुतल्यावर दोन्ही कँडला पुन्हा बसवून आधीसारखीच मोजणी केली. डाव्या कँडलने अर्ध्या तासात 310 मिलिलिटर पाणी दिले. उजवीने 620 दिले, आणि घरातल्या सर्वांना त्याचा आनंद झाला. मला तो आकडा चांगला वाटला नाही. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच पाण्यात, एकाच हाताने घासलेल्या दोन कँडलांमध्ये दुपटीचा फरक पडायला काही कारण असावे लागते, आणि वापरून जुनी झालेली कँडल नव्या कँडलपेक्षा अधिक पाणी देत असेल तर पाणी भिंतीतून न जाता दुसरीकडून जात आहे, हा पहिला संशय घ्यायला हवा. पेल्याच्या तळाशी तांबूस कण या वेळी स्पष्ट दिसले.

तपासणीसाठी औषधांच्या दुकानातून सुई नसलेली 50 मिलिलिटरची सिरिंज आणि तिच्यावर बसेल अशी स्वच्छ रबरी नळी आणली. कँडल दांडा खाली करून तिच्या पोकळीतले पाणी पूर्ण निथळू दिले, पण भिंत ओलीच ठेवली. नळी दांड्यावर घट्ट बसवून कँडल बादलीतल्या स्वच्छ पाण्यात आडवी बुडवली, बाहेर चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून काढले आणि सिरिंजचा दट्ट्या हळूहळू, निम्म्यापर्यंतच दाबला. यामागचे तत्त्व असे आहे की ओल्या भिंतीतली प्रत्येक बारीक नळी पाण्याने भरलेली असते आणि पृष्ठताणामुळे ते पाणी हवेला सहज वाट देत नाही. सुमारे एक मायक्रॉन रुंदीच्या छिद्रातले पाणी हटवायला वातावरणाच्या जवळपास तिप्पट दाब लागतो, जो इतक्या हलक्या हाताने निर्माण होत नाही. मोठ्या भेगेतून मात्र हवा अगदी थोड्या दाबानेही निसटते. डाव्या कँडलवर दट्ट्या दाबला तेव्हा तो उलट ढकलला जात असल्याचे हाताला जाणवले आणि एकही बुडबुडा आला नाही. उजव्या कँडलवर बुडाच्या टोपीलगत, सांध्याच्या कडेने बोटाच्या पेराएवढ्या लांबीत बुडबुड्यांची माळ सुरू झाली आणि दट्ट्याला काहीच विरोध जाणवला नाही.

भिंगातून पाहिल्यावर त्या जागी तारेच्या चोथ्याचे एकमेकांवर पडलेले ओरखडे आणि त्यांच्या तळाशी सांध्यापासून सुटलेली मातीची कड दिसली. टोपीजवळच्या खोबणीत गाळ साचतो म्हणून तिथे जास्त जोराने घासले जाते, आणि नट पक्कडीने आवळला की ताणही नेमका तिथेच येतो. इतके दिवस ही फट लोहाच्या चिकट थराने बुजलेली होती, त्यामुळे घासण्यापूर्वी तिच्यातून थोडेच पाणी निसटत होते. आम्ही थर काढला आणि फट मोकळी झाली. ती कँडल त्याच दिवशी बाजूला काढली. सिमेंट, एम-सील किंवा नखपॉलिश लावून अशी फट बुजवण्याचा प्रयत्न करू नये. ते पदार्थ पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेले नसतात आणि ओल्या मातीवर धरतही नाहीत.

या तपासणीची मर्यादाही सांगायला हवी. हातातल्या सिरिंजने फक्त मोठ्या फटी सापडतात. त्याहून बारीक भेग जंतूंना पार होऊ देईल तरी बुडबुडा देणार नाही. शिवाय कावीळ पसरवणारा हेपॅटायटिस अ विषाणू कँडलच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असतो आणि निर्दोष कँडलही त्याला अडवीत नाही. म्हणून विहिरीचे पाणी पावसाळ्यात गाळून झाल्यावर उकळूनच प्यावे, असे त्या घरी ठरले.

डाव्या कँडलवर आणखी एक उपाय

डाव्या कँडलचे 310 मिलिलिटर हे नव्या कँडलपेक्षा कमीच होते. ही कँडल साधी, म्हणजे आत कोळशाची भुकटी नसलेली व चांदीचा मुलामा नसलेली होती, याची खात्री तिच्या खोक्यावरून झाली, म्हणूनच पुढचा उपाय केला. एक लिटर स्वच्छ पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व विरघळवून त्यात कँडल तासभर ठेवली, दांडा नेहमीप्रमाणे बाहेर. पाणी पिवळसर झाले. नंतर कँडल स्वच्छ पाण्यात दोनदा बदलून भिजवली आणि गाळलेले पहिले दोन भांडे भरून पाणी झाडांना घातले. त्यानंतरच्या मोजणीत 390 मिलिलिटर आले, आणि त्याहून अधिकाच्या मागे लागू नये असे मी ठरवले. कोळशाच्या किंवा चांदीच्या कँडलला हा उपाय करू नये. तिच्यासोबतच्या पत्रकात जेवढे सांगितले असेल तेवढेच करावे. उकळण्याचेही तसेच आहे: साध्या कँडला काही कंपन्या उकळू देतात, पण त्या थंड पाण्यात ठेवून हळूहळू तापवाव्या लागतात व त्याच पाण्यात निवू द्याव्या लागतात, आणि चिकटवलेली प्लॅस्टिकची टोपी असलेल्या कँडलचा सांधा उकळण्याने सैल होण्याचा धोका राहतोच. इथे उकळण्याची गरज पडली नाही.

डिचोलीच्या बाजारातून आणलेली एक नवी साधी कँडल उजव्या जागी बसवली. बसवण्यापूर्वी ती बुडबुडे थांबेपर्यंत भिजवली. वॉशर आतल्या बाजूला, कँडल आणि भांड्याच्या तळामध्ये, आणि नट बोटांनी जेवढा बसेल तेवढाच. मग भांड्यात फक्त टोपी बुडेल इतकेच पाणी घातले आणि खालून पाहिले: दांड्याच्या तोंडातून न येता नटाच्या कडेने थेंब आला असता तर वॉशर नीट बसलेला नाही असे कळले असते. तसे झाले नाही. नवी कँडल 510 मिलिलिटर देत होती, म्हणजे भांडे भरलेले राखल्यास दोन्हींचे मिळून तासाला 1.8 लिटर.

नव्या कँडलचा घेर दोऱ्याने मोजून तो दोरा फिल्टरच्या झाकणाखाली चिकटवून ठेवायला सांगितला. घेर 6 मिलिमीटरने कमी झाला की भिंत साधारण 1 मिलिमीटर झिजलेली असते. 12 मिलिमीटरचा फरक पडला की कँडल बदलावी असे मी धरतो. काही कंपन्या कँडलसोबत प्लॅस्टिकची कडी देतात आणि ती कँडलवरून सरकू लागली की कँडल टाकायची असते. अशी कडी असल्यास तिचेच ऐकावे. याच मापाने डावी कँडल नवीपेक्षा 7 मिलिमीटरने कमी भरली, त्यामुळे ती आणखी काही महिने वापरायची असे ठरले.

पाण्याच्या बाबतीत एवढाच बदल केला की संध्याकाळी काढलेले विहिरीचे पाणी एका कळशीतून दुसरीत उंचावरून ओतून रात्रभर झाकून ठेवायचे, आणि सकाळी तळाचा चार बोटे गाळ न हलवता वरचे पाणी दुपदरी सुती कापडातून फिल्टरमध्ये घालायचे. ओतताना मिळणाऱ्या हवेने उरलेले लोह गाळात बदलते आणि कँडलपर्यंत पोहोचण्याआधीच कळशीच्या तळाशी बसते. पाणी फार गढूळ असेल त्या दिवशी तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवण्याला हरकत नाही, पण तुरटीने जमलेले पुंजके पूर्ण बसायच्या आत पाणी ओतले तर तेच कँडलवर नवा थर धरतात.

घासण्याचा दिवस आता महिन्यावर ठरत नाही. भांडे काठोकाठ भरून अर्ध्या तासाचे पेले पाहायचे, आणि एखादी कँडल तिच्या नोंदवलेल्या आकड्याच्या निम्म्यावर आली तरच ती सोडवायची. उलट, न घासताच एखादीचा आकडा अचानक वाढला तर ते पाणी न पिता आधी सिरिंजची तपासणी करायची. चवथीनंतर दोन आठवड्यांनी वहिनींनी पेले लावले तेव्हा डावीचे 340 आणि नवीचे 450 मिलिलिटर आले, आणि कँडला न सोडवता तशाच ठेवल्या.